टॉर्क पुरतोय, मग टेबल का थरथरतंय? सर्वोचा इनर्शिया रेशो आणि व्हेलॉसिटी गेन

सर्वो ऑन केला की टेबल जागेवर उभं असतानाच घुंऽऽ असा आवाज, हात ठेवला तर मुंग्या येतात तशी थरथर, आणि इंडेक्स मारला की शेवटी खडखड करत थांबणार. भोसरीतल्या एका शेडमध्ये हे टेबल मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डिझाइनवाला मित्र हातात कॅलक्युलेशनचा कागद घेऊनच उभा होता, म्हणाला, "अरे टॉर्क चेक केलाय मी, रेटेडच्या आतच येतोय, मोटर छोटी नाहीये." आणि तो खरं बोलत होता. मोटर छोटी नव्हतीच. घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं, आणि कुठे ते समजून घ्यायला हे टेबल उदाहरण म्हणून फार चांगलं आहे, म्हणून सगळे आकडे घेऊनच सांगतो.

टेबल म्हणजे ६०० मिमी व्यासाची, २० मिमी जाडीची एमएसची प्लेट, वजन साधारण ४४ किलो. त्यावर सहा फिक्श्चर, प्रत्येकी ४ किलोचं, सेंटरपासून २५० मिमीवर. एका वेळी ६० अंश फिरायचं, ते ०.६ सेकंदात, मग तीनचार सेकंद थांबायचं, तोवर स्टेशनवरची कामं होतात. खाली ७५० वॉटची सर्वो, ३००० आरपीएम, रेटेड टॉर्क २.३९ न्यूटन मीटर, आणि मध्ये १:२० चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स. तो १:२० का, तर मागच्या एका जॉबमधला नवाकोरा शिल्लक होता. आपल्याकडे निम्मे गिअर रेशो असेच ठरतात, असो.

आधी इनर्शिया. कुठलीही वस्तू फिरवायला किंवा फिरती थांबवायला किती जड जाते ते म्हणजे इनर्शिया, आणि त्यात नुसतं वजन नाही तर ते सेंटरपासून किती लांब आहे हे जास्त महत्त्वाचं, कारण अंतराचा वर्ग होतो. प्लेटचा इनर्शिया निघतो २ केजी मीटर स्क्वेअर. सहा फिक्श्चर मिळून वजन फक्त २४ किलो, प्लेटच्या जेमतेम निम्मं, पण ती सगळी काठाला बसलीयेत, त्यामुळे त्यांचा एकट्यांचा इनर्शिया १.५ होतो. एकूण ३.५. मोटरच्या रोटरचा इनर्शिया कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा केजी सेंटीमीटर स्क्वेअरमध्ये देतात, या मोटरचा १ होता. तुलना करायची तर युनिट एक पाहिजे, म्हणून टेबलचा झाला ३५,००० आणि मोटरचा १. हा फरक बघूनच कळतं की गिअरबॉक्सशिवाय गत्यंतर नाही.

गिअरबॉक्स लोडचा इनर्शिया मोटरला किती कमी करून दाखवतो, तर गिअर रेशोच्या वर्गाने. वर्ग का, हे पाठ करण्यापेक्षा एकदा समजून घ्या. १:२० मध्ये लोडला लागणारा टॉर्क मोटरकडे येताना २० पट कमी होतो, हे सगळ्यांना माहिती असतं. पण त्याच वेळी मोटर लोडपेक्षा २० पट जोरात वेग घेत असते. म्हणजे मोटरच्या बाजूने बघितलं तर २० पट कमी टॉर्क लावून २० पट जास्त अॅक्सिलरेशन मिळतंय, तर तिला तो लोड ४०० पट हलका वाटणार. बस एवढंच आहे ते.

```
R = J_load / (n² × J_motor)

n = 20 :  35000 / (400 × 1)   = 87.5
n = 70 :  35000 / (4900 × 1)  = 7.14
```

गिअरबॉक्सचा आणि कपलिंगचा स्वतःचा इनर्शिया पण मोटरच्या बाजूला मिळवायचा असतो, ब्रेकवाली मोटर असेल तर तिचा रोटर थोडा जड असतो, पण इथे त्याने फार फरक पडत नाही म्हणून सोडून देतोय.

तर इनर्शिया रेशो, म्हणजे मोटरला जाणवणारा लोडचा इनर्शिया भागिले तिचा स्वतःचा, आला ८७.५. मोटरपेक्षा लोड सत्त्याऐंशी पट. आणि तरीही मित्राचा टॉर्कचा कागद बरोबर होता. ०.६ सेकंदात ६० अंश, अर्धा वेळ वेग वाढवत अर्धा वेळ कमी करत, तर टेबलला लागतो साधारण ४१ न्यूटन मीटर, भागिले २० म्हणजे २ च्या आसपास, मोटरचा रेटेड २.३९, पीक त्याच्या तिप्पट. फ्रिक्शन धरलं तरी आरामात. टॉर्कच्या हिशेबात काही चुकलेलंच नाही, चूक एवढीच की तो हिशेब "मोटर ओढेल का" याचं उत्तर देतो, "मोटर ते सांभाळून थांबवेल का" याचं देत नाही.

आता सांभाळणं म्हणजे काय. ड्राइव्हमधला व्हेलॉसिटी लूप काय करतो, तर मागितलेला स्पीड आणि एन्कोडरने सांगितलेला स्पीड यातला फरक बघतो, त्याला गेनने गुणतो आणि तेवढा टॉर्क सोडतो. फरक जास्त, टॉर्क जास्त. गेन जास्त म्हणजे ड्राइव्ह तापट, जरासा फरक दिसला की जोरात धक्का मारणार. गेन कमी म्हणजे ड्राइव्ह सुस्त. यात एक गोष्ट लोक विसरतात, एन्कोडर मोटरच्या मागे बसलाय, टेबलला नाही. ड्राइव्हला टेबल दिसतच नाही, त्याला फक्त मोटर दिसते, आणि टेबल त्या मोटरला पक्कं जोडलंय असं तो गृहीत धरून चालतो.

पण ते पक्कं नसतं. गिअरबॉक्सचे दात, शाफ्ट, कपलिंग, हे सगळं मिळून एक स्प्रिंग आहे, कडक असली तरी स्प्रिंगच. घरी करून बघायचं असेल तर सायकलची जुनी ट्यूब कापा, तिला पाण्याने अर्धी भरलेली बादली टांगा आणि वरचं टोक हातात धरा. हात सावकाश वरखाली केला की बादली मागोमाग येते आणि हाताला बादलीचं पूर्ण वजन जाणवतं. हात खूप भराभर हलवायला लागा, बादली जागची हलतच नाही, ट्यूबच ताणली जाते, आणि टांगलेलं वजन हाताला असलं तरी हात हलवायला जवळजवळ बादली नसल्यासारखं हलकं जातं. मोटरचं असंच होतं. हळू हालचालीत ती स्वतःला अधिक लोडला ओढत असते, ठराविक फ्रिक्वेन्सीच्या वर गेलं की लोड मागे राहतो आणि मोटर एकटीच हलते.

आणि इथे इनर्शिया रेशो आडवा येतो. आपल्या टेबलला मोटर आणि लोड मिळून मोटरच्या ८८.५ पट इनर्शिया आहे. एवढं सगळं हलवता यावं म्हणून तुम्ही गेन ठेवणार मोठा. पण भराभर थरथरीत तोच गेन एकट्या मोटरवर लागू होतो, आणि एकट्या मोटरला तो ८८.५ पट जास्त आहे. ट्रकला धक्का मारायची ताकद लावून तुम्ही दार ढकललं आणि दार नुसतं लोटलेलं होतं, तर तोंडावर पडणारच ना, तसं. म्हणजे ड्राइव्हमध्ये गेन २५ हर्ट्झचा टाकला तर एकट्या मोटरसाठी तो होतो २५ गुणिले ८८.५, बावीसशे हर्ट्झच्या वर. ड्राइव्हच्या आत टॉर्क फिल्टर असतो, करंट लूपचा उशीर असतो, एन्कोडर वाचायला वेळ लागतो, एवढ्या उशिरात बावीसशे हर्ट्झला स्थिर राहणं शक्यच नाही. तो ओरडणारच.

बॅकलॅशने हे अजून चिघळतं. प्लॅनेटरी गिअरबॉक्सला काही आर्कमिनिटं तरी मोकळीक असते, आणि दात एका बाजूचे सुटून दुसऱ्या बाजूला लागेपर्यंत मोटर अक्षरशः एकटी असते, लोडच नाही तिला. तेवढ्या क्षणात जास्तीचा गेन तिला समोरच्या दातावर आपटवतो, ती उसळून परत येते, दुसऱ्या दातावर आपटते. टेबल जागेवर उभं असताना जे घुंऽऽ चालू असतं ते बऱ्याचदा हेच, दोन दातांच्या मधल्या फटीत मोटरचा टेबल टेनिस.

त्या दिवशी आम्ही काय केलं, तर सगळे करतात तेच. गेन कमी करत गेलो. १० ला ओरडतंय, ६ ला ओरडतंय, ३ हर्ट्झच्या खाली आणलं तेव्हा शांत झालं. आणि शांत झालेलं टेबल म्हणजे नुसता लगदा, इंडेक्सची कमांड ०.६ सेकंदात संपायची आणि टेबल पुढे एक सेकंदभर सरकत सरकत जागेवर यायचं. मग नॉच फिल्टर, म्हणजे एकच ठराविक फ्रिक्वेन्सी कापणारा. मोबाईलवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं अॅप उघडून फोन गिअरबॉक्सजवळ धरला, १४० च्या आसपास खुंटा दिसला, तिथे नॉच टाकला, तर आवाज गेला नाही, नुसता सूर बदलला. हे एक ओळखायचं लक्षण लक्षात ठेवा. गेन थोडा वरखाली केला तरी आवाजाचा सूर तोच राहिला, फक्त मोठा लहान झाला, तर ती मेकॅनिकल रेझोनन्स, नॉचने ऐकेल. गेनबरोबर किंवा नॉचबरोबर सूरच सरकत असेल तर लूप स्वतःच गटांगळ्या खातोय किंवा बॅकलॅश आहे, आणि तिथे नॉच म्हणजे रोगी सोडून डॉक्टरला इंजेक्शन.

शेवटी गिअरबॉक्स बदलायचं ठरलं. किती रेशोचा घ्यायचा यावर अर्धा तास चहा झाला. पुस्तकात १:१ मॅच आदर्श म्हणतात, म्हणजे लोडचा परावर्तित इनर्शिया मोटरइतकाच. तसं करायला आपल्याला ३५,००० चं वर्गमूळ, म्हणजे १:१८७ चा गिअरबॉक्स लागेल, आणि टेबलचा पीक स्पीड ३३ आरपीएम आहे, तर मोटर जाणार ६२०० आरपीएमला. विषय संपला. १:१०० घेतला तर इनर्शिया रेशो ३.५ होतो, छान दिसतो, पण मोटर ३३०० च्या पुढे जाते, रेटेडच्या वर, आणि गिअरबॉक्सच्या इनपुटलाही स्पीडची मर्यादा असते, ती कॅटलॉगमध्ये बघावी लागते, शिवाय गरम होतो ते वेगळंच. १:७० ला मोटर २३०० आरपीएमवर राहते आणि रेशो येतो ७.१४. तोच घेतला.

एक सोपी खूण सांगतो. जुन्या १:२० मध्ये मोटरचा पीक स्पीड होता फक्त ६६७ आरपीएम. ३००० ची मोटर आणि ६६७ वरच फिरतेय, म्हणजे तीनचतुर्थांशाहून जास्त स्पीड फुकट चाललाय. कुठल्याही मशीनवर मोटर रेटेड स्पीडच्या चौथ्या हिश्श्यात काम करतेय असं दिसलं तर मोठी मोटर शोधायच्या आधी गिअर रेशो वाढवता येतोय का ते बघा, कारण तिथे वर्गाने फायदा आहे आणि पैसे कमी.

पण गिअर रेशो वाढवला की एक धोका मागच्या दाराने येतो. मोटरचा पीक टॉर्क ७ न्यूटन मीटरच्या वर, गुणिले ७०, म्हणजे गिअरबॉक्सच्या आउटपुटला ५०० न्यूटन मीटर. टेबलला लागतात ४१. कुठे काही अडकलं किंवा इमर्जन्सीला जोरात थांबलं तर तो ५०० चा झटका दातांवर जाऊ शकतो, आणि एवढ्या साइझचे गिअरबॉक्स ते सहन करतीलच असं नाही. त्यामुळे गिअरबॉक्सचा मॅक्स आउटपुट टॉर्क बघून ड्राइव्हमध्ये टॉर्क लिमिट टाकायचीच. आमच्याकडे यास्कावाचा सिग्मा ड्राइव्ह होता, त्यात ते Pn402 आणि Pn403, इमर्जन्सी स्टॉपचं Pn406. ही सगळी फॅक्टरीतून ८०० टक्क्यांवर येतात, म्हणजे लिमिट नसल्यातच जमा.

मग किती इनर्शिया रेशो चालतो, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझं मत, गिअरबॉक्स आणि भराभर इंडेक्सिंग असेल तर ५ ते १० मध्ये राहा, बेल्ट असेल तर अजून खाली, आणि कन्व्हेयर किंवा हळू चालणारं काही असेल तर २०-३० ला पण कोणी मरत नाही. कॅटलॉगमध्ये अलाउएबल इनर्शिया रेशो म्हणून पंधरापट वीसपट असा आकडा असतो, त्याच्यावर विसंबू नका, तो बऱ्याच अंशी थांबताना परत येणारी एनर्जी ड्राइव्ह पचवेल का यासाठी असतो, तुमचं टेबल थरथरणार नाही याची ती हमी नाही. आणि उलटंही खरं आहे. डायरेक्ट ड्राइव्ह मोटरवर, जिथे टेबल थेट रोटरवर बोल्टने बसतं, तिथे रेशो शंभरच्या वर गेला तरी मशीन मस्त चालतं, कारण मध्ये स्प्रिंगही नाही आणि बॅकलॅशही नाही. म्हणजे दोष एकट्या रेशोचा नसतो, रेशो आणि मधली लवचिकता यांची जोडी वाईट.

ही लवचिकता किती, तर तेही काढता येतं. गिअरबॉक्सचा टॉर्शनल स्टिफनेस आउटपुटला साधारण १० न्यूटन मीटर पर आर्कमिनिट होता. मोटर घट्ट धरून ठेवली तर टेबल त्या स्प्रिंगवर किती हर्ट्झने डोलेल, ते निघतं १६ हर्ट्झच्या आसपास. गंमत म्हणजे तेवढाच स्टिफनेस असेल तर १:२० असो की १:७०, हा १६ तसाच राहतो, कारण तो टेबल आणि स्प्रिंग यांच्यातला मामला आहे, मोटरचा संबंधच नाही. त्यामुळे इनर्शिया रेशो सुधारला म्हणून टेबल एकदम कडक होईल अशी आशा ठेवू नका. बदलतं ते दुसरंच. मोटरला जाणवणारी रेझोनन्स या १६ च्या वर असते, किती वर ते रेशोवर ठरतं, १:२० ला १४८ हर्ट्झ, १:७० ला ४५. म्हणजे खाली आली, वाईट झालं का? नाही, कारण तिथे गेनची उडी आधी ८८ पटीची होती ती आता फक्त ८ पटीची आहे. उडी छोटी झाली हेच सगळं कमावलं.

आता ट्यूनिंग. सिग्मामध्ये सगळ्यात आधी एक गोष्ट, नवीन ड्राइव्हला ट्यूनिंगलेस मोड चालू असतो, तो Pn170 मध्ये बंद केल्याशिवाय तुम्ही हाताने टाकलेले गेन तो बघतही नाही. मी एकदा तासभर गेन बदलत बसलो होतो आणि मशीनवर शून्य परिणाम, कारण हेच.

मग Pn103, इनर्शिया रेशो, टक्क्यांमध्ये. आपला ७.१४ म्हणजे ७१४. हे आधी टाकायचं, कारण Pn100 मधला व्हेलॉसिटी गेन हर्ट्झमध्ये असतो आणि तो हर्ट्झ खरा ठरतो तो Pn103 बरोबर असेल तरच. फॅक्टरी सेटिंग १०० असतं. ते तसंच राहिलं तर ड्राइव्ह समजतो एकूण इनर्शिया मोटरच्या दुप्पट आहे, असतो आठपट, मग तुम्ही ४० हर्ट्झ टाकता आणि प्रत्यक्षात मिळतात १०. लोक म्हणतात गेन वाढवला तरी टेबल ढिलंच आहे, त्यातली निम्मी प्रकरणं ही असतात.

सुरुवात करताना पोझिशन गेन Pn102 अगदी खाली, १० वगैरे, आणि इंटिग्रल टाइम Pn101 मोठा, १०० मिलिसेकंदाच्या पुढे, म्हणजे इंटिग्रल जवळपास झोपलेला. हे दोघे गप्प राहिले की व्हेलॉसिटी गेन एकटा काय करतोय ते ऐकू येतं. मग छोटी मागेपुढे हालचाल लावायची, पाचदहा अंशांची, कोणाचा हात टेबलजवळ नको, आणि इमर्जन्सीचं बटन कोणाच्या तरी हाताखाली. Pn100 ५ पासून दोनदोनने वर. प्रत्येक वेळी टॉर्कचा ग्राफ बघायचा, कारण कानाला ऐकू यायच्या आधी टॉर्कच्या रेषेवर केस उगवल्यासारखी कुसळं दिसायला लागतात. आमचं टेबल २६ ला कुसळं दाखवायला लागलं, २८ ला आवाज. त्याच्या ६५-७० टक्क्यांवर परत यायचं, म्हणून १८ वर ठेवला. हा ३० टक्के मार्जिन कंजूषपणा करून खाऊ नका, थंडीत ग्रीस घट्ट असतं आणि दुपारी पातळ होतं, नवीन गिअरबॉक्स आणि दोन वर्षं चाललेला गिअरबॉक्स यांचा बॅकलॅश एक नसतो.

१८ हर्ट्झ म्हणजे एकट्या मोटरसाठी १८ गुणिले ८.१४, साधारण १४७ हर्ट्झ. ड्राइव्हचा टॉर्क फिल्टर Pn401 फॅक्टरीचा १ मिलिसेकंद, त्याचा कोपरा, म्हणजे जिथून तो कापायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, १५९ हर्ट्झला. दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले की कळतं २६ ला का बिघडायला लागलं, तिथे हेच २१२ होतात, फिल्टरच्या पुढे जातात आणि फिल्टरचा उशीर अंगावर येतो. म्हणूनच "आवाज येतोय तर फिल्टर वाढव" हा सल्ला काही मशीनवर चालतो आणि काहींवर उलटा पडतो. उंच, शिट्टीसारख्या सुराला फिल्टर वाढवून फायदा होतो, शंभरदोनशे हर्ट्झच्या घुमण्याला फिल्टर कमी करून बघा. नॉचही इथे लावायचा प्रश्न नव्हता, आपली रेझोनन्स ४५ ला आणि Pn409 मध्ये ५० च्या खाली टाकताच येत नाही, आणि येत असतं तरी एवढ्या खालचा नॉच लूपलाच उशीर लावतो. नॉच हे शेकडो हर्ट्झवरच्या शिट्टीचं औषध आहे.

मग इंटिग्रल आणि पोझिशन. मॅन्युअलमधलं गणित आहे ते चांगलं आहे:

```
Pn101 ≥ 4000 / (2π × Pn100)   ms     → 18 Hz : 35.4 ms
Pn102 ≤ 2π × Pn100 / 4        1/s    → 18 Hz : 28.3
```

आम्ही ४० मिलिसेकंद आणि २८ ठेवले. टेबल कमांड संपल्यावर पावणेदोनशे मिलिसेकंदात जागेवर यायला लागलं, घुंऽऽ बंद. थांबताना १६ हर्ट्झची एक बारीक डोल राहिली होती, ती गेनने जाणारच नव्हती कारण ती ड्राइव्हला दिसतच नाही, ती टेबलची स्वतःची आहे. ती कमांडचा कोपरा गोल करून, म्हणजे एस-कर्व्ह लावून, घालवली.

या दुसऱ्या गणिताबद्दल थोडं थांबतो, कारण यात लोक हमखास फसतात. पोझिशन लूप हा साहेब, व्हेलॉसिटी लूप हा कामगार. साहेब इतक्या भराभर ऑर्डर बदलतोय की कामगाराचं पहिलं काम व्हायच्या आत दुसरी येतेय, तर सगळं हेलकावत राहतं. ही थरथर नसते, हा झोका असतो, डोळ्याला दिसतो, सेकंदाला तीनचार पाचसहा हेलकावे, आवाज काही नाही. आणि इथे गेन कमी करायची सवय घात करते. झोका दिसला म्हणून Pn100 कमी केला तर कामगार अजून सुस्त, झोका अजून मोठा. इथे व्हेलॉसिटी गेन वाढवायचा किंवा पोझिशन गेन आणि इंटिग्रल नरम करायचे. आवाज येतोय तर गेन जास्त, आवाज नाही पण झोका आहे तर बहुतेक व्हेलॉसिटी गेन कमी, एवढा फरक मेंटेनन्सवाल्यांना सांगून ठेवला तरी अर्धे फोन वाचतात.

सांगून ठेवला नव्हता, म्हणून आम्हाला फोन आलाच. सहा महिन्यांनी कस्टमरने दुसऱ्या पार्टसाठी नवी फिक्श्चर लावली, ४ किलोऐवजी ७ किलोची, जागा तीच. "टेबल झुलतंय साहेब, आम्ही गेन कमी करून पाहिला तर जास्तच झुलतंय." फोनवरच हिशेब केला. फिक्श्चरचा इनर्शिया १.५ वरून २.६ झाला, एकूण ४.६, रेशो ७.१४ वरून ९.४. Pn103 जुनाच ७१४, त्यामुळे १८ चा गेन प्रत्यक्षात १४ वर आलेला, १४ ला पोझिशन गेन २२ च्या वर चालत नाही आणि आपला होता २८. वर त्यांनी Pn100 अजून खाली आणलेला. Pn100 परत १८ करायला लावला, Pn102 २० वर आणला, Pn101 ५० केला. Pn103 मध्ये ९४४ टाकता आला असता, पण त्याने प्रत्यक्ष गेन पावपटीहून जास्त वाढतो आणि एकटी मोटर १८८ हर्ट्झवर जाते, माझं ३० टक्के मार्जिन बरंचसं तिथेच गेलं असतं, आणि मशीन माझ्यासमोर नव्हतं, टॉर्कचा ग्राफ बघायला कोणी नव्हतं. इंडेक्स ०.०७ सेकंदाने लांबला, कस्टमर म्हणाला चालेल. पुढच्या व्हिजिटला ड्राइव्हच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून आलो, ४ किलोची फिक्श्चर तर २८ आणि ४०, ७ किलोची तर २० आणि ५०.